आभाराच्या स्लाइडचं पत्र झालं तेव्हा

मी आयुष्यभर साबण विकले. दुकानात नाही, जाहिरातीत. साबण, मसाले, छत्र्या, एकदा तर पाण्याच्या टाक्या. निवृत्त झाल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं की आता मला कोणी काही लिहायला सांगायचं नाही. लग्नपत्रिका नाही, श्रद्धांजली नाही, सोसायटीच्या फळ्यावरची पाणीकपातीची सूचनासुद्धा नाही. घरच्यांनी ते पाळलं. पण आमच्या बोरीवलीच्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते आणि तिला माझे कायदे लागू नाहीत.

ती स्पीच थेरपिस्ट. हॉस्पिटलातली नोकरी संपल्यावर लोक गुडघ्यांना तेल लावत बसतात, हिने दोन सहकाऱ्यांना गोळा करून छोटा ट्रस्ट काढला. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी. वाचा गेली म्हटलेलं तिला आवडत नाही. ती म्हणते, "वाचा कुठे जात नाही गं. माणूस आत शाबूत असतो, त्याला सगळं कळतं, शब्द फक्त हाताला लागत नाहीत." अशा माणसांचा गट दर गुरुवारी दिंडोशीला एका वसाहतीच्या हॉलमध्ये भरतो. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्या घरी दुसरी थेरपिस्ट जाते. तिचा पगार आणि हॉलचं भाडं एक कंपनी देत होती.

एका सकाळी ही माझ्या स्वयंपाकघरात आली ती बगलेत लॅपटॉप घेऊन. चेहरा पडलेला.

"कंपनी बंद करतेय," ती म्हणाली.

"कंपनी बंद होतेय?"

"कंपनी नाही गं, पैसे. त्यांचा फोकस बदलला. आता ते झाडं लावणार आहेत."

झाडांविषयी मला काही वैर नाही. पण त्या दिवशी मी झाडांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. मार्चअखेर हॉलचा करार संपणार होता आणि नव्या करारासाठी पैसे नव्हते. घरी जाणाऱ्या थेरपिस्टला एप्रिलपासून काय सांगायचं हेही ठरत नव्हतं. ट्रस्टींच्या बैठकीत ठरलं, कंपन्यांच्या मागे लागण्यात वर्ष जाईल, आधी साध्या माणसांना पत्र लिहू. शेजारी, जुने पेशंट, त्यांचे नातेवाईक, कॉलेजचे सोबती. आणि पत्रासाठी मजकूर तयारच आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. कंपनीसाठी एका एजन्सीने केलेलं प्रेझेंटेशन होतं ना. त्यातल्या शेवटच्या दोन स्लाइड घ्यायच्या आणि त्यांचं पत्र करायचं.

"दोनच स्लाइड आहेत," मैत्रीण म्हणाली. "तुला काय, अर्ध्या तासाचं काम."

हे वाक्य मला नोकरीत असल्यापासून परिचयाचं आहे. मी चहा गॅसवर ठेवला आणि म्हटलं, दाखव.

पहिली स्लाइड परिणामांची. निळ्या पार्श्वभूमीवर चार गोल, प्रत्येक गोलात एक आकडा आणि खाली दोन शब्द. सगळ्यात मोठ्या गोलात एक भलामोठा आकडा, त्यापुढे अधिकचं चिन्ह, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की इतक्या आयुष्यांना स्पर्श केला. दुसरी स्लाइड शेवटची. तळहातावर रोपटं, त्यावर सूर्याचा उजेड, मोठ्या अक्षरात थँक यू, खाली "आमच्या प्रवासात सामील व्हा, मूकांचा आवाज बना". कोपऱ्यात क्यूआर कोड, माशीएवढा.

"हा आकडा कुठून आला?" मी मोठ्या गोलावर बोट ठेवलं.

"एजन्सीने काढला."

"कशावरून?"

तिने जरा आठवून सांगितलं. वर्षभरात झालेली सगळी सेशन धरली. म्हणजे एकच काका वर्षभर दर गुरुवारी आले तर ते दर वेळी नव्याने मोजले. मग प्रत्येकाच्या घरात चार माणसं धरून त्याला चाराने गुणलं, कारण घरच्यांनाही अप्रत्यक्ष लाभ होतो. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"अगं, या हिशेबाने माझा साबण अख्ख्या आशिया खंडाने वापरलाय," मी म्हटलं.

ती हसली नाही. कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "काढ तो. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. खरी माणसं रजिस्टरात आहेत, मी मोजून देते." संध्याकाळी तिने मोजून दिलेला आकडा इतका लहान होता की कुठल्याही एजन्सीने तो लपवला असता. तिला त्याची लाज वाटत नव्हती. मोठ्या आकड्याची वाटली होती. मला माझी मैत्रीण आवडते त्याची बरीच कारणं आहेत, पण त्या दिवसापासून हे पहिलं आहे.

मी तिला माझ्या परीने समजावलं की स्लाइडचं पत्र होत नाही. स्लाइड कमिटीसमोर लागते, बाजूला उभं राहून कोणीतरी बोलत असतं, आकडे म्हणजे त्या बोलण्याच्या खुंट्या. पत्राशेजारी कोणी उभं नसतं. ते एकच माणूस वाचतो, बहुतेक मोबाइलवर, एका हातात चहा घेऊन, आणि त्याचा अंगठा खाली सरकायला टपलेला असतो. त्याला थांबवायला गोल चालत नाहीत. एक माणूस लागतो. नाव नको, पण माणूस खराखुरा पाहिजे.

"कोणाचं लिहू?" मी विचारलं.

"ते मी कशी सांगू? त्यांना विचारायला हवं," ती म्हणाली. "गुरुवारी चल."

हॉल साधाच होता. भिंतीला रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं थर्माकोल, खिडकीतून खाली खेळणाऱ्या पोरांचा आरडाओरडा. गोलात बसलेली माणसं, प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची दोन कार्डं. हिरव्यावर "हो", लालवर "नाही". मैत्रिणीने आधीच समजावलं होतं की यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी हो आणि नाही यांची अदलाबदल होते. मनात नाही असतं, तोंडातून हो निघतं, आणि घरचे लोक त्यावरून निर्णय घेऊन मोकळे होतात. म्हणून कार्ड. आणि म्हणून तिचा एक नियम: महत्त्वाचा प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा सरळ आणि एकदा उलटा. चहा हवा का? मग, चहा नको का? दोन्ही उत्तरं जुळली तरच ते उत्तर.

दुसरा नियम नातेवाइकांसाठी होता. ते मागच्या रांगेत बसायचे आणि त्यांनी मध्ये बोलायचं नाही. नवऱ्याला शब्द सापडत नाही म्हणून बायकोने तो पुरवायचा नाही. हा नियम माझ्यासाठी शिक्षा होती. मी आयुष्यभर लोकांची वाक्यं पुरी करून पोट भरलंय. समोर एक आजी कपाच्या चित्राकडे बघत "क... क..." करत होत्या आणि माझ्या जिभेवर कप नाचत होता. मैत्रीण शांत बसून होती. घड्याळाकडे नाही, खिडकीकडे नाही, आजींच्या तोंडाकडेही टक लावून नाही. फक्त शेजारी, जणू तिला जगात दुसरं काही कामच नाही. शेवटी आजी म्हणाल्या, "बशी." आणि स्वतःच खदखदून हसल्या. मैत्रीणही हसली. "जवळ आलात," ती म्हणाली. मी तिला कितीतरी वर्षं ओळखत होते, बिल्डिंगच्या गच्चीवर पापड वाळत घालताना, बँकेत, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना. ती कामावर कशी असते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

मग वकीलसाहेब आले. दिंडोशीच्याच कोर्टात त्यांची प्रॅक्टिस होती. उजवा हात निर्जीव, उजव्या पायात पट्टा, मागे त्यांची बायको. दारातच थांबून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "जय भीम!" अख्खा हॉल वळला. मला वाटलं, यांना काय झालंय? हे तर बोलतात. पण ते खुर्चीवर बसले आणि मैत्रिणीने विचारलं, कसे आलात, तर त्यांचा चेहरा ताणला गेला, ओठ हलले, आणि काही आलं नाही. नंतर तिने सांगितलं की लहानपणापासून रोज उच्चारलेलं आपोआप निघतं, ते वेगळ्या वाटेने येतं. नमस्कार, अंक, वार, शिव्या. मुद्दाम बोलायला गेलं की वाट बंद. वकीलसाहेबांकडे जय भीम होतं, एक ते दहा होते आणि एक शिवी होती, ती ते जपून वापरत.

पत्रासाठी कोणाविषयी लिहू, असं मैत्रिणीने गटाला विचारलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी डावा हात वर केला. वर करून खाली घेईनात.

"तुमच्याबद्दल लिहायचं?" हिरवं कार्ड.

"म्हणजे तुमच्याबद्दल लिहायचं नाही?" लाल कार्ड. आणि माझ्याकडे अशी नजर, की साक्षीदार दिसतोय बरा, पण बघू या.

त्यांच्या बायकोने गट संपल्यावर, त्यांच्या समोरच, मला बाकीचं सांगितलं. घरातले पहिले वकील. वडील मराठवाड्यातून आलेले, महापालिकेत कामाला होते. कोर्टात यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जायचा, म्हणून एकदा तिथल्या न्यायाधीशांनी दार लावून घ्यायला सांगितलं होतं. स्ट्रोकनंतर ते घराबाहेर पडायलाच तयार नव्हते. माणसं भेटायला आली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आता आठवड्यातून एकदा बाहेर पडतात, गुरुवारी, या हॉलमध्ये. आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून घेतात. "हे बंद झालं ना ताई," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करू लागल्या. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

मी घरी येऊन तीन दिवस ते पत्र लिहिलं. सुरुवात अशी होती:

"प्रिय शेजारी, समजा तुम्ही चहाच्या टपरीवर उभे आहात. चहा हवा आहे. समोर किटली दिसते आहे, खिशात सुटे पैसे आहेत, आणि 'चहा' हा शब्द काही केल्या तोंडातून येत नाही. टपरीवाला विचारतो, काय पाहिजे? मागचे लोक खोळंबले आहेत. तुम्ही बोट दाखवता, कसाबसा चहा पिता आणि पुन्हा त्या टपरीवर जात नाही."

मग वकीलसाहेब. मग हॉल आणि कार्ड. आकड्याच्या जागी मी लिहिलं, "गेल्या वर्षभरात आमच्या गटात आलेली सगळी माणसं एका मिनी बसमध्ये मावतील. बस लहान आहे, पण त्यातल्या कोणालाही उतरवायची आमची तयारी नाही." कोण किती सुधारलं तेही सरळ लिहिलं: काही जण चहा मागायला शिकले, काहींना अजून येत नाही, कोणीही पहिल्यासारखं बोलत नाही. हे लिहू नये असं एका ट्रस्टींचं मत होतं. मी त्यांना म्हटलं, अहो, एवढं खरं सांगितलं तरच पुढचं खरं वाटेल. ही माझ्या धंद्यातली जुनी गोष्ट आहे, साबणाच्या बाबतीत ती आम्ही फारशी पाळली नाही इतकंच.

भांडण झालं ते शेवटावरून. मी शेवटी मागणी लिहिली होती: पैसे पाहिजेत, इतके, यासाठी, या तारखेच्या आत. पत्राचा जीव तिथे असतो. वाचणाऱ्याचे डोळे पाणावले आणि पुढे काय करायचं ते कळलं नाही, तर तो डोळे पुसतो आणि भाजी निवडायला जातो. मैत्रिणीने नेमकं तेच खोडलं.

"इतकं उघड?" ती म्हणाली. "आपलेच लोक आहेत गं. खालच्या मजल्यावरच्या काकांना मी रोज लिफ्टमध्ये भेटते. आकडा लिहिला तर त्यांना काय वाटेल?"

"त्यांना वाटेल तुला पैसे पाहिजेत. पाहिजेतच ना?"

"हो, पण... यथाशक्ती लिही ना. आणि खारीचा वाटा."

"खार मेली कधीच," मी चिडून म्हटलं. "प्रत्येक देणगीपत्रात तिला राबवून राबवून मारलीय लोकांनी."

ऐकेना. आमच्यासारख्या घरांत वाटीभर साखर आणायलासुद्धा शेजारी पाठवताना आई बजावायची, सांग, उद्या परत करतो. मागणं म्हणजे कमीपणा, हे दुधातून पाजलेलं. हॉस्पिटलात रुग्णासाठी कोणाशीही दोन हात करणारी ही बाई "कृपया पैसे द्या" या तीन शब्दांपाशी येऊन अडखळत होती. पत्र तिच्या सहीने जाणार होतं, शेवटी मी हात टेकले. शेवट असा झाला: "आपण सुज्ञ आहात. या कार्यात यथाशक्ती खारीचा वाटा उचलावा आणि या माणसांचा आवाज बनावं, ही नम्र विनंती." मूकांचा आवाज स्लाइडमधून सरळ चालत पत्रात आला होता. मला ते वाक्य मुळीच पटलं नाही, पण पत्र तिचं, सही तिची.

पत्र पाठवण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला ते वाचून दाखवायचं, हाही तिचा नियम. गुरुवारी मी वाचलं. टपरीपाशी दोन-तीन जणांनी माना हलवल्या. मिनी बसपाशी आजी हसल्या. वकीलसाहेब ताठ बसून ऐकत होते, कोर्टात बसावं तसे. वाचून झालं आणि मैत्रिणीने विचारलं, "हे पत्र पाठवू?"

लाल कार्ड.

तिने नियमाप्रमाणे उलटा प्रश्न विचारला. "म्हणजे पत्र पाठवायचंच नाही?"

पुन्हा लाल कार्ड.

आता आली का पंचाईत! पत्र पाठवायचंही नाही, आणि न पाठवणंही नाही. मला वाटलं, गडबडले असतील. मैत्रिणीला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "पाठवायचं आहे, पण असं नाही?" हिरवं. मग आम्ही एकेक परिच्छेद घेतला. भिंतीकडे तोंड करून झोपण्याचं वाक्य मी जपून वाचलं. माझी खात्री होती की घोडं तिथेच पेंड खातंय. हिरवं कार्ड. दार लावून घेण्याचा किस्सा? हिरवं, आणि चक्क मिशीत हसू. "कोणीही पहिल्यासारखं बोलत नाही"? जरा थांबले, पण हिरवं.

शेवटचा परिच्छेद. त्यांनी डावा हात पुढे केला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि "आवाज बनावं" यावर एक काट मारली. कागद फाटेल इतक्या जोराने.

"काढते," मी म्हटलं. "तुमचा आवाज तुमचाच. चुकलंच ते. आता ठीक?"

लाल. आणि टेबलावर मूठ. त्यांनी खारीवर पेन आपटलं, मग खाली कोऱ्या जागेत डाव्या हाताने, वाकडंतिकडं, काहीतरी लिहायला लागले. अ. त्याच्यापुढे कंस. खाली ब, कंस. खाली क, कंस. पुढे काही नाही. पेन त्या कंसांपुढे हवेत फिरत राहिलं.

"पर्याय?" मी म्हटलं. "तीन मुद्दे? बाराखडी..."

मैत्रिणीने माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. मी गप्प बसले. मागच्या रांगेत त्यांची बायको पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. तिला कळलं होतं हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण नियम म्हणजे नियम, ती बोलली नाही. वकीलसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एकदा शिवी वापरली. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, मैत्रिणीकडे थेट बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. एक म निघाला, लांबच लांब. मग थांबले. मग पुन्हा म.

"मा..."

मैत्रीण बसून होती. माझ्या मनगटावरचा तिचा हात गरम झाला होता.

"मा...गा," ते म्हणाले. आणि एकदा सापडल्यावर सोडलाच नाही तो शब्द. "मागा. मागा! मागा!"

मैत्रिणीने मागे बघून मान हलवली, आणि मग त्यांच्या बायकोने तोंड उघडलं. "अर्जाच्या शेवटी असतं ना ताई, अ, ब, क. काय काय पाहिजे ते. ज्युनियरनी ते मोघम लिहिलं की हे फाइल फेकून द्यायचे. म्हणायचे, अरे, कहाणी कितीही चांगली सांग, न मागितलेलं कोर्ट देत नाही."

वकीलसाहेबांनी हिरवं कार्ड उचललं आणि ते खाली ठेवेचनात.

मी मैत्रिणीकडे बघितलं. खरं तर मला म्हणायचं होतं, बघ, मी काय सांगत होते. ते म्हणायची छाती झाली नाही. तिचे डोळे भरले होते. जो माणूस महिनोन्महिने घाम गाळून एकेक शब्द मिळवतो, त्याने आज मिळवलेला शब्द तिच्यासाठी खर्च केला होता, आणि तोही तिने खोडलेला.

शेवट आम्ही तिथेच बसून लिहिला. मी लिहायचे, ते कार्ड दाखवायचे. अ) एका गुरुवारचा हॉल आणि चहा, त्यापुढे रक्कम. ब) जिना उतरू न शकणाऱ्या एका माणसाच्या घरी महिनाभर थेरपिस्ट, त्यापुढे रक्कम. क हा माझ्या मते नको होता. जास्त वाटा दाखवल्या की माणूस कुठलीच धरत नाही. पण वकीलसाहेबांनी क वर पेन आपटणं थांबवलं नाही, आणि त्यांच्या बायकोने हसत सांगितलं की प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ठरलेलं कलम असतं: कोर्टास योग्य वाटेल तो अन्य दिलासा. मग मीच हरले. क) आपणास योग्य वाटेल ती अन्य मदत. मैत्रिणीच्या यथाशक्तीला अशी शेवटी जागा मिळाली, बरोबर जिथे असायला हवी तिथे, दोन ठाम मागण्यांच्या खाली. ताजा कलममध्ये हॉलच्या कराराची मुदत घातली, ती खरीच होती, आणि पावतीसाठी पॅन नंबर कळवा, जुन्या करप्रणालीत असाल तर करात सवलत मिळेल, हेही. नव्या करप्रणालीत मिळत नाही, हे मैत्रिणीने मला आवर्जून लिहायला लावलं. क्यूआर कोड मी बशीएवढा केला. रोपटं आणि थँक यू हाकलले. आभार पैसे आल्यावर मानायचे असतात. खाली दोन सह्या. मैत्रिणीची, आणि शेजारी वकीलसाहेबांची, डाव्या हाताची, रस्त्यावरून घसरत गेलेल्या सायकलीसारखी. इतकी वर्षं जाहिरातीत काढून मी त्या सहीइतकं पटणारं काही कागदावर आणू शकले नव्हते.

पत्रं निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मैत्रीण खाली आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, कप विसळून ठेवला. मग दारापाशी वळली.

"ऐक. तू ब घे. दोन महिन्यांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे पैसे दे," ती म्हणाली. नजर खाली गेली नाही. "कोणाला तरी तोंडावर मागून बघायचं होतं. तूच सापडलीस."

मी तीन दिवस पत्र लिहून, भांडून, आता आपण वरच्या दर्जाचं दान करून बसलो आहोत अशा थाटात होते. मोबाइल काढला आणि मुकाट्याने दिले. "आता लिफ्टमधले काका," मी म्हटलं. ती खरंच गेली. काकांनी अ घेतला, आणि वर विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत?

पत्रं गेली. काहींनी अ घेतला, काहींनी ब, आणि क मध्ये काय काय आलं: एकाने खुर्च्या पाठवल्या, घाटकोपरच्या एका बाईंनी लिहिलं की माझ्या भावाला असंच झालं होतं, तेव्हा हे माहीत असतं तर. बऱ्याच जणांनी काहीच दिलं नाही, नुसते जोडलेले हात पाठवले. मुलुंडला गट काढायचं स्वप्न होतं, तेवढं जमलं नाही. मार्च संपता संपता हॉलचा वर्षाचा करार झाला. घरी जाणारी थेरपिस्ट राहिली, फक्त तिचे दिवस कमी करावे लागले. मैत्रिणीने यातलं काही झाकलं नाही. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी तिने गटासमोर जसंच्या तसं सांगितलं, किती आले, किती कमी पडले.

वकीलसाहेब इस्त्रीच्या शर्टात बसले होते. समोर दोन्ही कार्डं, हात टेबलावर.

मैत्रीण थट्टेने म्हणाली, "मग काय वकीलसाहेब, पैसे तर कमी पडले. बंद करू या का हा गट?"

त्यांनी कार्डाकडे बघितलं नाही. ओठ आवळले, थांबले. ती थांबली. मीही थांबले, आता मला येतं.

"नाही," ते म्हणाले.

तोंडाने. बरोबर शब्द, बरोबर जागी. मागच्या रांगेतून त्यांच्या बायकोचा हुंदका ऐकू आला. पण नियम मैत्रिणीचाच, आणि तो तिने पाळला. तिने उलटा प्रश्न विचारला.

"म्हणजे चालू ठेवायचा?"

वकीलसाहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही ज्युनियरने पळ काढला असता. मग म्हणाले, "हो."